नारळाच्या पिशवीतला लॅपटॉप

आमच्या कंपनीत लॅपटॉप हरवलेली माणसं आधी रडून घ्यायची आणि मग सुब्बाराव अण्णांकडे जायची. जी न रडता जायची ती परतताना रडायची. मी चार वर्षं त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून हे बघितलंय, त्यामुळे यात तिखटमीठ लावलेलं नाही.

सुब्बाराव मोहिते, वय एकोणसाठ. घर जयनगरला, तिसरी पिढी. बेंगळुरूतल्या जुन्या मराठी घरांत बोलली जाते तशी मराठी, म्हणजे दर तिसऱ्या वाक्यात कन्नड. आधी एका सरकारी टेलिफोन कारखान्यात स्टोअरकीपर, आणि गेली एकोणीस वर्षं सर्जापूर रोडवरच्या आमच्या कंपनीत. आम्ही पॅथॉलॉजी लॅबना लागणारं सॉफ्टवेअर बनवतो, आणि अण्णा तिथे माहिती सुरक्षा विभागाचे प्रमुख. विभाग म्हणजे ते आणि मी. मी वेदिका, पुण्याची. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "वेदिका अक्का, घड्याळ लावता काय?" मी मोबाइल दाखवला. दुसऱ्या दिवशी टेबलावर एक घड्याळ होतं, आणि त्याच्याबरोबर ते मला दिल्याची पावती. पावतीवर तारीख, वेळ, सही.

लॅपटॉप हरवला तर भरायचा फॉर्म अण्णांनी स्वतः बनवला होता. सेहेचाळीस रकाने. यंत्राची माहिती, म्हणजे मॉडेल, सीरियल नंबर, कंपनीचा नंबर, रंग, ओळखीच्या खुणा. यंत्र पूर्ण बंद होतं, की नुसतं झाकण मिटलेलं होतं. आत कुठली माहिती होती, तिची दुसरी प्रत कुठे आहे. शेवटचं कधी, कुठे पाहिलं. आणि रकाना क्रमांक एकोणतीस, हरवल्याचं लक्षात आलं ती वेळ.

या एकोणतिसाव्या रकान्यावर अण्णांचा जीव. तो उगाच नव्हता, हे मला कबूल करावंच लागेल. लॅपटॉप हरवला की त्या माणसाचं लॉगिन बंद करायचं, यंत्राला दुरून कुलूप घालायचा हुकूम सोडायचा, आत ग्राहकांची माहिती असेल तर त्यांना कळवायचं. काही घटना तर लक्षात आल्यापासून सहा तासांत सरकारला कळवाव्या लागतात. ही सगळी घड्याळं त्या एका वेळेपासून चालू होतात. म्हणून अण्णांचा नियम होता, लक्षात आल्यापासून एका तासात आम्हाला सांगायचं. एक मिनिट जास्त झालं तर लेखी ताकीद, ती कायमची फायलीत. आणि सुरक्षेशी संबंधित कामावर असलेल्यानं उशीर केला तर त्याला वर्षभर त्या कामावरून दूर. "कुंपणानंच शेत खाल्लं तर कुणाला सांगायचं मा?" हे त्याचं कारण. हा दुसरा नियम कुणाला लागायचा? विभागात आम्ही दोघंच. तो त्यांनी मला धाकात ठेवायला केलाय अशी माझी चार वर्षं पक्की समजूत होती.

ताकीद मिळालेल्यांत तिसऱ्या मजल्यावरची शिल्पाश्री होती. दोन वर्षांपूर्वी तिचा लॅपटॉप म्हैसूरच्या गाडीत राहिला. ती चार तास एकेकाला फोन लावत स्टेशनभर शोधत फिरली आणि मग आमच्याकडे आली. उशिराचं कारण विचारणाऱ्या रकान्यात तिनं 'शोधत होते' एवढंच लिहिलं. अण्णांनी त्याखाली लाल शाईनं लिहिलं, 'कारण ग्राह्य नाही.' तेव्हापासून ती लिफ्टमध्ये अण्णा दिसले की जिन्यानं जायची.

आता त्या सोमवारचं सांगते.

अण्णा दोन दिवस रजेवर होते, हुबळीला पुतण्याचं, विराटचं लग्न. सोमवारी ते साडेनऊच्या ठोक्याला यायला हवे होते. दहा वाजले तरी नाहीत. मी खिडकीतून रस्त्यावरची गर्दी बघितली आणि मनात एक गाणं गुणगुणले. दहा चाळीसला अण्णा आले. हातात लॅपटॉपची बॅग नाही, कपाळावर घाम, आणि काखेत नारळ.

"अक्का," ते म्हणाले, "आधी माझं लॉगिन बंद करा. मग बोलू."

मी चेष्टा समजून हसले. ते हसले नाहीत. मी गपचूप त्यांचा पासवर्ड रद्द केला, जिथे जिथे त्यांचं खातं उघडं होतं तिथून ते बाहेर काढलं, आणि लॅपटॉपला कुलपाचा हुकूम सोडला. ज्या क्षणी तो इंटरनेटला लागेल त्या क्षणी कुलूप पडेल. डिस्क एन्क्रिप्ट केलेली होतीच, तिची किल्ली आमच्या सर्व्हरवर आहे हेही बघून घेतलं. चार मिनिटं लागली. अण्णा मागे उभे राहून ती मोजत होते.

मग ते लोक बसतात त्या खुर्चीत बसले. माझ्यासमोरच्या. ती खुर्ची थोडी बुटकी आहे, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं असावं.

"फॉर्म घ्या," ते म्हणाले. "मी सांगतो, तुम्ही टाइप करा."

लग्नाला लॅपटॉप कशाला नेला, हा माझा पहिला प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता, पण मी विचारलाच. उत्तर तयार होतं. रिकाम्या घरात कंपनीचा लॅपटॉप ठेवू नये, नियम सात. मग प्रवासात त्याची बॅग ओळखू येऊ नये, साध्या पिशवीतून न्यावा, नियम नऊ. आमच्या सगळ्यांच्या पाठीवर कंपनीचं नाव मिरवणाऱ्या बॅगा असतात, त्यावरून अण्णा दर महिन्याला सगळ्यांना ईमेल पाठवायचे. स्वतः मात्र नियम नऊ तंतोतंत पाळायचे. परतताना त्यांनी कुठली साधी पिशवी घेतली? तांबुलाची.

इकडच्या लग्नांत निघताना प्रत्येक पाहुण्याला नारळ, विडा घातलेली पिशवी देतात, ती तांबुलाची पिशवी. हुबळीवाल्यांनी हात सैल सोडला होता. चांगली मोठी कापडी पिशवी, आत नारळ, विडा, स्टीलचा डबा, आणि पिशवीवर हळदी रंगात 'विराट – रूपश्री'. अण्णांनी आपला नारळ काढून चुलतभावाला, गुरुराजला दिला, डबाही दिला आणि पिशवीत लॅपटॉप सरकवला. अगदी फिट्ट बसला. मग ते रात्रीच्या गाडीत बसले. त्याच डब्यात मोहित्यांचे चौदा नातेवाईक, आणि प्रत्येकाच्या डोक्याशी खुंटीवर तीच पिशवी.

"चौदा," मी म्हणाले.

"पंधरा, माझी धरून," अण्णांनी दुरुस्त केलं.

घरी पोचल्यावर, लग्नाहून बरोबरच परतलेल्या आईनं, शकुंतलाबाईंनी, पिशवी रिकामी केली. वय ब्याऐंशी, नजर अजून सुईत दोरा ओवण्याइतकी. आतून नारळ आणि डबा काढून म्हणाल्या, "सुब्बू, तुझ्या ऑफिसात आता नारळ देतात का रे?" वजन साधारण तेवढंच, त्यामुळे स्टेशनपासून घरापर्यंत अण्णांना काही कळलं नव्हतं. तोच नारळ ते पुरावा म्हणून काखेत घेऊन आले होते. मी त्याला पिशवीत घालून वर चिठ्ठी लावली. ते मान हलवून 'सरी' म्हणाले, म्हणजे ठीक.

फॉर्म सुरू झाला. सीरियल नंबर त्यांनी तोंडपाठ सांगितला, मी सर्व्हरवरच्या यादीशी ताडून बघितला, एकही अक्षर चुकलं नव्हतं. यंत्राची स्थिती? "झाकण मिटलेलं." पूर्ण बंद? अण्णा खाली बघून म्हणाले, "नाही. नुसतं मिटलेलं." हेसुद्धा त्यांच्याच ईमेलच्या विरुद्ध होतं. ओळखीच्या खुणा?

"झाकणावर कुंकू."

"काय?"

"दसऱ्याच्या आयुधपूजेला लावलेलं. पुसलं, जात नाही. लिहा की, ओळखीची खूण आहे."

मी लिहिलं. आतली माहिती? पेशंटची काहीच नाही, ग्राहकांची नाही. ईमेल. आणि डेस्कटॉपवर एक फाइल. कुठली? एकोणीस वर्षांत कंपनीत हरवलेल्या सगळ्या लॅपटॉपांची नोंदवही, त्रेसष्ट माणसं, नाव, दिवस, कारण, ताकीद मिळाली की नाही. ती सर्व्हरवर ठेवायची असते. अण्णांचा सर्व्हरवर विश्वास नव्हता, म्हणून एक प्रत जवळ. मला आतून गुदगुल्या होत होत्या. चार वर्षं ज्या माणसानं मला पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडं ठेवलं म्हणून सुनावलं, तो माझ्यासमोर एकामागून एक स्वतःचे नियम मोडल्याचं सांगत होता. मी तोंड सरळ ठेवून टाइप करत होते. एवढं सुख मला अप्रेझलमध्येही मिळालं नव्हतं.

मग एकोणतिसावा रकाना आला.

"लक्षात आलं ती वेळ?" मी विचारलं.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "नऊ पंचेचाळीस," ते म्हणाले. "घरून निघताना."

मी घड्याळाकडे बघितलं. ते दहा चाळीसला आले होते. पंचावन्न मिनिटं. नियमात बसत होतं, पाच मिनिटं राखून. मी लिहिलं. मला संशय आला होता का? आला होता. आई घरी गेल्या गेल्या पिशवी रिकामी करते, आणि गाडी सव्वासहाला लागते, एवढा हिशेब मलाही येतो. पण अण्णांना निवृत्त व्हायला अकरा महिने राहिले होते. वर्षभर या टेबलावरून दूर म्हणजे कायमचं दूर. आणि ते दूर गेले तर प्रमुख कोण होणार, हेही मला ठाऊक होतं. एका बाजूला माझी बढती, दुसऱ्या बाजूला त्यांची पाच मिनिटं. मी गप्प बसले ते चांगुलपणानं की लाजेनं, आजही सांगता येत नाही.

पुढचा रकाना, तीस. 'शोधण्यासाठी स्वतः काय केलं, वेळेसकट.' अण्णांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि सवयीनं वाचायला लागले.

"सात अठरा, गुरुराजला फोन. पिशवीत नारळ आहे म्हणाला. एक नव्हे, दोन. सात पंचवीस, विजयनगरच्या आत्याला. म्हणाली, काय रे, आम्हाला काय दिलं ते मोजतोस काय? सात बत्तीस, चुलत मेहुण्याला. त्यानं पिशवी आधीच कामवालीला दिलेली. तिला सात चाळीस. सात छप्पन्न, रेल्वेच्या हेल्पलाइनला, एकशे एकोणचाळीस. त्यांना गाडी, डबा, बर्थ नंबर दिला. वस्तू काय, तर लॅपटॉप. कशात, तर नारळाच्या पिशवीत. ते म्हणाले, सर, स्वल्प हळू सांगा. आठ पाच..."

माझी बोटं थांबली होती. अण्णा आठ पाचवर अडकले. कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तेरा फोन होते त्या कागदावर, प्रत्येकापुढे वेळ. खोटं बोलायचं ठरवून आलेला माणूस पुरावा स्वतःच्याच अक्षरात लिहून घेऊन आला होता. कारखान्यातल्या स्टोअरमधून लागलेली सवय, काहीही केलं तरी वेळ टाकायची. मला हसू फुटणार होतं, पण त्यांचा चेहरा बघितला आणि मी कीबोर्डकडे वळले.

"अण्णा," मी म्हणाले, "तीस नंबरमध्ये नुसतं 'नातेवाइकांना फोन केले' लिहू का? वेळा नकोत."

खरंच म्हणाले मी असं. मला त्यांची दया आली.

अण्णांनी कागद टेबलावर सपाट केला. मग त्यांचा आवाज एकदम पूर्वीचा झाला, माझी चूक सापडल्यावर व्हायचा तसा. "अर्धवट भरलेला फॉर्म घ्यायचा नाही हे शिकवलंय ना मी तुम्हाला? एकोणतीस खोडा. सात दहा लिहा."

मी लिहिलं, सात दहा. फॉर्मनं लगेच तांबडा चौकोन दाखवला, 'तीन तास तीस मिनिटं. उशिराचं कारण द्या.' हा चौकोन अण्णांनीच बसवून घेतला होता.

"कारण?" मी विचारलं.

"आजवर लोकांनी काय काय दिलंय?"

मला पाठ होतं. नेटवर्क नव्हतं. प्रवासात होतो. बॅटरी संपली. शोधत होते. कारण ग्राह्य नाही, कारण ग्राह्य नाही, कारण ग्राह्य नाही.

"सगळे खोटं लिहीत होते बघा," अण्णा म्हणाले. "मला आज कळलं. लिहा, भीती वाटली. आईच्या हातात नारळ बघितला आणि आधी तुमचा नव्हे, गुरुराजचा नंबर लावला. एकोणीस वर्षांत कुणाचं ऐकून घेतलं नाही, आता माझं कोण ऐकणार म्हणून भीती वाटली. वाटलं, सापडला तर कुणालाच सांगायला नको. म्हणून तीन तास शोधलं." मग म्हणाले, "त्या तीन तासांत कुणी तो उघडायचा प्रयत्न करत असता तर? फोन केला असता तर चार मिनिटांचं काम होतं."

मी सगळं जसंच्या तसं टाइप केलं. शेवटचा रकाना 'पुन्हा असं होऊ नये म्हणून सूचना'. तिथे लोक 'काळजी घेईन' लिहितात. अण्णांनी सांगितलं, 'उशिरा सांगितल्याची ताकीद बंद करावी. लोक ताकिदीच्या भीतीनं आधी शोधत बसतात आणि वेळ जातो.' मग फॉर्म दोनदा वाचून घेतला, एका ठिकाणी बर्थ नंबर राहिला म्हणून मला परत पाठवला, आणि सही केली. मी तो आमच्या वरच्या मॅडमना, अनुषांना, पाठवला. अण्णा मग शिस्तीत स्टेशनवरच्या रेल्वे पोलिसांकडे तक्रार द्यायला गेले.

लॅपटॉप सापडला तो दुपारी तीनला, आणि पोलिसांमुळे नाही. तुमकुरूच्या गंगव्वांचा अण्णांना फोन आला. गंगव्वा नात्यानं मावशी, पहाटे तुमकुरूला घाईत उतरलेल्या. सकाळी अण्णांनी त्यांना चारदा फोन केला होता, पण त्या देवळात होत्या. त्या चिडलेल्या होत्या. सगळ्यांना नारळ आणि मला नाही? मी काय परकी? नारळाऐवजी ही सपाट काळी पाटी कसली दिली? अण्णा तेव्हा परत आले होते, त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"मावशी, ती पाटी कुठे आहे?"

"कुठे असणार? कुंकू लावलेली वस्तू, देवघरात ठेवली. फूल वाहिलंय."

अण्णांनी तिथेच टेबलाला हात टेकले. नारळ मी स्वतः कुरिअरनं पाठवीन, असा शब्द अण्णांनी दिला, तेव्हा गंगव्वा पाटी परत द्यायला तयार झाल्या. संध्याकाळी आमचा माणूस जाऊन लॅपटॉप घेऊन आला. कुणी उघडलेला नव्हता. झाकणावर जास्वंदीची एक पाकळी चिकटलेली होती. आम्ही तो तपासला, आतलं सगळं पुसून सॉफ्टवेअर नव्यानं बसवलं, फॉर्मवर 'परत मिळाला' असा शेरा मारला. एकोणतिसावा रकाना मात्र तसाच राहिला, कारण सापडल्यानं वेळ बदलत नाही.

दोन दिवसांनी अनुषा मॅडमनी आम्हा दोघांना बोलावलं. अण्णांची सूचना त्यांना पटली होती. पुढल्या एक तारखेपासून उशिराची ताकीद बंद. "आणि सुब्बाराव," त्या म्हणाल्या, "नियम आजपासूनच लागू करते. तुम्ही तुमच्या जागेवर राहा."

कुणीही दुसरा माणूस हात जोडून बाहेर आला असता. अण्णा म्हणाले, "मॅडम, एक तारीख म्हणालात ना? माझी घटना चौदाची. मागच्या तारखेनं नियम लावायचा नसतो. लावणारच असाल तर दोन वर्षं मागून लावा, शिल्पाश्रीपासून. मग माझाही लावा."

मॅडम म्हणाल्या, मागच्या ताकिदी सगळ्या काढणं त्यांच्या हातात नाही, वर विचारावं लागेल, महिने जातील. अण्णा म्हणाले, "सरी. मग माझी द्या."

ती ताकीद मला लिहावी लागली. नमुना त्यांचाच होता, मी फक्त नाव बदललं. चार वर्षं ज्यांच्या नावानं बोटं मोडली त्यांना मी माझ्या हातानं खुर्चीवरून उठवत होते, आणि त्या खुर्चीत मीच बसणार होते. अण्णांची बदली तळमजल्यावर झाली, पाहुण्यांचे पास देण्याच्या टेबलावर.

ताकीद घेऊन अण्णा लगेच खाली गेले नाहीत. मला म्हणाले, "चला, तिसऱ्या मजल्यावर." लिफ्टमधून उतरून ते सरळ शिल्पाश्रीच्या टेबलाशी गेले. ती दचकून उभी राहिली. अण्णांनी कागद तिच्यासमोर ठेवला आणि कन्नडमध्ये म्हणाले, "बघून घे मा. तुझ्या पत्रात होतं तेच आहे. एक शब्द कमी नाही."

शिल्पाश्रीनं वाचलं. पहिल्यांदा तिला कळलंच नाही की वरचं नाव कुणाचं आहे. मग कळलं. मला वाटलं ती हसेल, आणि तसा तिचा हक्क होता. ती खाली बसली, शेजारची खुर्ची अण्णांकडे ओढली.

"अण्णा," तिनं विचारलं, "फोन लावताना हात थरथरत होते का?"

"हो मा," अण्णा म्हणाले. "आकडे दिसेनात."

"माझेपण," ती म्हणाली.